महाग युनिट्स आधी विकल्याचं दाखवता येत नाही

"म्युच्युअल फंड विकलात की सगळ्यात महाग घेतलेली युनिट्स आधी विकली असं दाखवा, नाहीतर सरासरी भाव धरा. नफा कमी दिसतो, टॅक्स वाचतो. एसआयपीला वर्ष झालं की सगळं लाँग टर्मच."

हा मेसेज माझ्या मावशीने खरा मानला आणि रिटर्नसाठी वहीत तसे आकडे मांडून ठेवले. निवृत्त शिक्षिका आहे ती. फोनवर हिशेब ऐकताना मला राग आवरेना.

तिचा इक्विटी फंड, एकच फोलिओ, म्हणजे फंडातलं एकच खातं. जानेवारी २०२३मध्ये १,००० युनिट्स ४० रुपयांना, जानेवारी २०२४मध्ये १,००० पन्नासला, जानेवारी २०२५मध्ये १,००० साठला. जून २०२५मध्ये तिने ६५च्या भावाने १,५०० विकली. आधी घेतलेली आधी जातात. म्हणजे २०२३ची सगळी १,००० गेली, नफा २५,०००. उरलेली ५०० २०२४च्या खरेदीतली, नफा ७,५००. एकूण ३२,५०० रुपये, आणि दोन्ही खरेद्यांना बारा महिने उलटलेले, म्हणून सगळा नफा लाँग टर्म. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही आणि तिला दुसरा कुठला असा नफा नाही. कर शून्य.

आता मेसेजचं ऐका. महाग युनिट्स आधी धरली तर २०२५ची १,००० जातात, त्यांचा नफा ५,००० आणि २०२४च्या ५०० युनिट्सचा ७,५००. नफा १२,५०० वर आला खरा, पण २०२५च्या युनिट्सना वर्षच झालेलं नाही. ते ५,००० शॉर्ट टर्म, त्यावर २० टक्के, म्हणजे हजार रुपये आणि वर सेस. कर वाचवायला निघाली आणि नसलेला कर भरणार होती!

सरासरीचंही तेच. सरासरी भाव पन्नास येतो, पण त्या भावाला खरेदीची तारीखच नाही, मग शॉर्ट की लाँग ठरवणार कशावरून? एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी आहे, प्रत्येकाचं वर्ष वेगळं मोजतात. तिने १,५०० ऐवजी २,५०० विकली असती तर शेवटची ५०० शॉर्ट टर्ममध्ये गेली असती.

हे मी मनाने सांगत नाही. डिमॅट युनिट्ससाठी १९६१च्या आयकर कायद्यातच, कलम ४५(२अ) मध्ये, हाच क्रम लिहिला आहे आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या, म्हणजे सीबीडीटीच्या, २४ जून १९९८च्या परिपत्रक ७६८ने तो खातेनिहाय लावायचा हे स्पष्ट केलं. मावशीची युनिट्स डिमॅटमध्ये नाहीत, पण फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या सीएएमएस आणि केफिनटेक या कंपन्यांची कॅपिटल गेन स्टेटमेंट्स फोलिओनिहाय याच क्रमाने येतात. तिचं स्टेटमेंट मी मागवायला लावलं, त्यात ३२,५०० हाच आकडा निघाला. रिटर्नमध्ये १२,५०० भरले असते तर दोन आकडे जुळलेच नसते.

एक गोष्ट मान्य करतो. क्रम फोलिओनिहाय लागतो, त्यामुळे एकाच फंडाचे दोन फोलिओ असतील तर कोणत्यातून विकायचं हे आपल्या हातात असतं. पण ते विकण्याआधी, रिडेम्प्शनच्या अर्जात ठरतं. विकल्यानंतर वहीत नाही.