जांगडचा माल कोणाचा, पैसे कधी, मोजायचा कोणी

"दुकानदार मित्रांनो, जांगडवर माल घ्या आणि निर्धास्त राहा. दुकानात आलेला माल आपलाच. पैसे विकल्यावर, तेही सवडीने. नाही खपला तर कधीही परत. मोजणी कंपनीची, कमी भरला तर नुकसानही कंपनीचं."

उन्हाळा जवळ आला की हा मेसेज इतवारी-सीताबर्डीच्या दुकानदारांच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो. आम्ही कूलरचे पंप बनवतो आणि फेब्रुवारीत ते बऱ्याच दुकानांना जांगडवर देतो. या मेसेजवर विसंबलेल्या दुकानदारांचे मे-जूनमध्ये आमच्याशी वाद होतात आणि चांगले संबंध तुटतात, म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

मालकीपासून सुरुवात करतो. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 24 नेमकं अशाच मालाबद्दल आहे: पसंतीवर दिलेला, किंवा विका नाहीतर परत करा या बोलीवर दिलेला. अशा मालाची मालकी दुकानदाराकडे तीनच वाटांनी जाते. तो "ठेवतो" असं कळवतो, किंवा मालकासारखं काही करतो, म्हणजे विकतो वा गहाण टाकतो, किंवा ठरलेली मुदत उलटली तरी नको असल्याचं न कळवता माल ठेवून घेतो. तोपर्यंत माल पाठवणाऱ्याचाच असतो. म्हणून तो आमच्या साठ्यात दिसतो, दुकानाच्या खरेदीत नाही, आणि जातानाही बिलावर जात नाही, चलनावर जातो. चलनाच्या तीन प्रती असतात: एक दुकानाची, एक गाडीवाल्याची, एक आमची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एका खेपेचा माल 1 लाख रुपयांवर गेला तर ई-वे बिलही लागतं.

दुकानदाराने गिऱ्हाईकाला पंप विकला की त्याच क्षणी तो आमच्याकडून त्याने घेतल्यासारखा होतो आणि पुढे गिऱ्हाईकाचा होतो. गिऱ्हाईकाच्या कूलरमधला पंप आम्ही काढून आणू शकत नाही. आमचं येणं मग दुकानदाराकडून.

(दुकानदार कमिशन एजंट असून आमच्या वतीने, पण स्वतःच्या नावाच्या बिलावर विकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे माल पाठवतानाच कराचं बिल करावं लागतं. ही दोन नाती एकाच करारात मिसळू नयेत.)

"आपलाच" समजण्याचा धोका सगळ्यात आधी बँकेत दिसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका दुकानदाराचं कॅश क्रेडिट खातं थकलं आणि बँकेने गोदामाला कुलूप लावलं. आत आमचे 86 पंप होते. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये त्याने ते स्वतःचे म्हणून दाखवले होते, कारण त्यावर उचल जास्त मिळत होती. आमच्याकडे चलनं होती आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या मोजणीचा दोघांच्या सह्यांचा कागद होता. ज्या खोक्यांवर आमचा चलन नंबर मार्करने लिहिलेला होता, त्यातले 62 पंप सुटले. उरलेले 24 खोक्याबाहेर सुटे पडले होते. दुकानदाराने आमच्याकडून रोखीने घेतलेले पंपही तिथेच होते, हुबेहूब तसेच. जांगडचे कोणते हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही आणि ते गेले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक खोक्यावर चलन नंबर असतो, आणि स्टॉक स्टेटमेंटमध्ये हा माल धरू नये हे करारात लिहिलेलं असतं.

आग-चोरीचं थोडक्यात सांगतो. वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर चालते, म्हणजे आमच्याकडे. पण दुकानदाराने स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी काळजी या मालाचीही घ्यायची असते, आणि ती घेतली हे त्याने दाखवायचं असतं. कूलरच्या दुकानात वुडवूल आणि वाळ्याच्या ताट्या छतापर्यंत रचलेल्या असतात. तिथे दुकानाच्या विमा पॉलिसीत "विश्वासाने ठेवलेला इतरांचा माल" असा उल्लेख आहे का, हे माल उतरवण्याआधी पाहावं. बहुतेक पॉलिसी फक्त दुकानाच्या स्वतःच्या मालापुरत्या असतात.

आता पैसे. पंप विकला गेला की आमच्याकडून दुकानाला बिल व्हायला हवं. दुकानदाराने ते आम्हाला कळवलंच नाही तर बिल करणार कसं? म्हणून आमच्याकडे विक्रीची यादी दर शनिवारी येते, आणि महिनाअखेरीस शनिवार नसला तरी एक यादी येतेच. 28 मार्चला विकलेल्या पंपाचं बिल 5 एप्रिलला झालं तर विक्री एका महिन्यातली आणि कर दुसऱ्या महिन्यातला, असा घोळ होतो. बिलाच्या तारखेपासून उधारीचे दिवस सुरू होतात. आमचे 30 दिवस असतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला 45 दिवसांहून उशिरा पैसे देण्याची बोली 2006 च्या कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सवडीला इथे जागा नाही. दुकानदाराला गिऱ्हाईकाकडून रोख मिळालेली असते, आणि त्या पैशात आमचा तांब्याच्या तारेचा खर्च अडकलेला असतो.

परत करण्यालाही तारीख असते. जीएसटी कायद्याच्या कलम 31 मधलं सातवं पोटकलम सांगतं की पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल तो विकला जाईल तेव्हा, किंवा पाठवल्यापासून सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचं. 10 फेब्रुवारीला गेलेला पंप 10 ऑगस्टला दुकानात तसाच पडून असला तरी त्याचं बिल आम्हाला करावंच लागतं आणि कर भरावा लागतो. त्यानंतर माल परत आला तर क्रेडिट नोटचं काम वाढतं. म्हणून आमच्या करारात परतीची शेवटची तारीख 31 जुलै असते. त्यानंतर ठेवलेला पंप दुकानदाराने घेतला असं धरलं जातं, आणि कलम 24 मध्येही हेच आहे.

मोजणीवर जरा जास्त बोलतो, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. 2025 च्या हंगामातलं सीताबर्डीचं एक दुकान घेऊ. 10 फेब्रुवारीला 240 पंप गेले, 15 एप्रिलला आणखी 120. एकूण 360. एप्रिलअखेरपर्यंतच्या याद्यांप्रमाणे 190 विकले गेले, आणि मोटर गरम होते म्हणून 14 चलनाने कारखान्यात परत आले. म्हणजे दुकानात 156 असायला हवे होते.

30 एप्रिलला रात्री दुकान बंद झाल्यावर आमचा माणूस आणि दुकानाचा माणूस, दोघं मोजायला बसले. आधी त्यांनी शेवटच्या चलनाचा आणि दुकानाच्या शेवटच्या विक्री बिलाचा नंबर कागदावर लिहिला. त्यानंतर आलेलं-गेलेलं या मोजणीत धरायचं नाही. 156 हा आकडा मोजणाऱ्यांना सांगितला नव्हता. आकडा माहीत असला की माणूस तिथे पोहोचेपर्यंत मोजतो आणि पोहोचला की थांबतो. बंद दिसणारं प्रत्येक खोकंही उघडायचं. 12 नगांच्या खोक्यात 10 निघणं रोजचं आहे, कारण घाईत कोणीतरी खालून दोन काढलेले असतात. फळी, गोदाम, शोकेसमधला नमुना, सगळं धरून 149 भरले.

सात कमी. यावरून लगेच चोरीचा आळ घ्यायचा नाही, आधी सात नग कुठे जाऊ शकतात ते शोधायचं. काउंटरखालच्या पोत्यात तीन जळालेले पंप निघाले. गिऱ्हाईकांनी वॉरंटीत आणून दिलेले, त्यांना फळीवरचे नवे दिले होते, पण कुठेच लिहिलं नव्हतं. दोनांचं दुकानदार म्हणाले, "मिस्त्रीनं नेले होते ना जी, लावून पाहासाठी." मिस्त्रीला फोन केला तर दोन्ही पंप लोकांच्या कूलरमध्ये चालू होते. उरलेल्या दोनांचा पत्ता लागला नाही. करारात अशा नगांसाठी 48 तास आहेत. तेवढ्यात काही कळलं नाही.

तीन जळालेले पंप बदलीच्या चलनावर आमच्याकडे आले. त्यांचे पैसे दुकानदाराकडून घेण्याचा प्रश्नच नाही, तो दोष आमचा. मिस्त्रीचे दोन आणि हरवलेले दोन अशा चार नगांचं बिल झालं, 320 रुपयांप्रमाणे 1,280 आणि वर कर. मग हिशेब जुळला: विकलेले 194, बदललेले 3, परत आलेले 14, शिल्लक 149, मिळून 360. कागदावर दोघांच्या सह्या आणि दुकानाचा शिक्का.

माल ज्याच्या फळीवर आहे, त्यालाच त्याचा ठावठिकाणा सांगता येतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्या माणसाला पोत्यातले पंप स्वप्नात दिसत नाहीत. म्हणून मोजणी दोघांची, आणि न सापडलेल्या नगाचं उत्तर दुकानदाराचं. नग जास्त भरले तरी आनंद मानू नये. दुसऱ्या कंपनीचे सारखे दिसणारे पंप मिसळले असतील किंवा विक्री दोनदा लिहिली असेल, तेही त्याच रात्री शोधायचं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट दिसली. 149 पैकी किती कोणत्या चलनाचे, हे खोक्यांवरून वेगळं मोजलं. जुना माल आधी गेला असता तर फेब्रुवारीचे 29 च उरायला हवे होते, पण निघाले 53. एप्रिलची खोकी पुढे रचली होती आणि पोरं पुढून काढत होती, त्यामुळे नव्यातले 24 आधी गेले. एकूण आकडा बरोबर असूनही 10 ऑगस्टच्या मुदतीत अडकणारे पंप जवळजवळ दुप्पट झाले होते. त्याच रात्री जुनी खोकी पुढे आणली.

26 जुलैच्या मोजणीत फेब्रुवारीच्या चलनाचे 11 आणि एप्रिलच्या चलनाचे 17 पंप उरले होते. ते 11 पंप 28 जुलैला चलनाने कारखान्यात परत आले. बाकीच्या 17 चं बिल दुकानदाराने स्वतःहून मागितलं. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या आठवड्याची विक्री त्यावर काढतो, म्हणाले.