तीन वर्षांचं कुलूप

नागपूरचा पारा मे महिन्यात चढतो आणि नेमकं तेव्हाच आमच्या मेडिक्लेमचं रिन्युअल येतं. पारा निदान जूनमध्ये उतरतो. हप्ता चढला की चढला.

एजंट भाऊंना आमच्या घरातली कूलरसमोरची खुर्ची बरोबर ठाऊक आहे. यंदा तिच्यावर टेकल्या टेकल्या म्हणाले, ‘‘दरसाल कायले डोक्याले ताप? तीन वर्षांचं एकदम भरून टाका ना भाऊ. दहा टक्के सूट आहे!’’

बायकोने पन्ह्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, ‘‘दहा टक्के, पण कशावर?’’

भाऊंनी पन्ह्याचा फारच लांब घोट घेतला.

आमचा हप्ता वर्षाला २४,००० रुपये. तीन वर्षांचे ७२,०००. पूर्ण रकमेवर दहा टक्के सूट असेल तर ६४,८०० भरायचे. पण काही कंपन्या पहिल्या वर्षाला हात लावत नाहीत, सूट फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या हप्त्यावर देतात. मग आकडा होतो ६७,२००. पत्रकावर दोन्हीकडे ठळक ‘दहा टक्के’च छापलेलं! दोन वर्षांच्या पॉलिसीत तर ही गंमत आणखी वाढते. साडेसात टक्के सूट केवळ दुसऱ्या वर्षावर असली, तर ४८,००० मागे सुटतात १,८००, म्हणजे पावणेचार टक्के.

आमच्या पॉलिसीत सूट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षावरच निघाली, म्हणजे ४,८०० रुपये. बायकोने लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला. पुढच्या दोन वर्षांचे पैसे आज न भरता बँकेत सात टक्क्यांनी ठेवले आणि वेळच्या वेळी हप्ता भरला, तर व्याज साडेचार हजारांच्या वर थोडं येतं. राहिले दोनेकशे रुपये. घरच्यांना तर्री पोहे खाऊ घालायला तेवढे पुरे, पण त्यासाठी ६७,२०० एका दमात काढायचे म्हणजे जरा अतीच.

‘‘पण वहिनी, मधात रेट वाढले तर?’’ भाऊंनी आता खरा पत्ता टाकला.

इथे मात्र ते खरं बोलत होते. एकदा भरलेला हप्ता मुदत संपेपर्यंत बदलत नाही. समजा पुढच्या वर्षी कंपनीने दर पंधरा टक्क्यांनी वाढवले. दरसाल भरणारा २४,००० आणि मग दोनदा २७,६०० असे एकूण ७९,२०० मोजेल. आमचे ६७,२०० ते ६७,२००च. म्हणजे या पॉलिसीत सूट हे नुसतं तोंडीलावणं आहे, जेवण आहे ते दराच्या कुलपात.

पण हे कुलूप दोन्ही बाजूंनी लागतं. विचारा आमच्या साडभाऊंना. त्यांचाही हप्ता आमच्याएवढाच. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण रकमेवर दहा टक्के सूट मिळवली, ७,२०० रुपये वाचवले आणि ६४,८०० वर १८ टक्के जीएसटी भरून मोकळे झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. साडभाऊंनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी आगाऊ भरलेला जीएसटी होता ७,७७६. त्यांच्यासमोर आता कोणी ‘सूट’ म्हटलं तरी ते उठून अंगणात जातात. पॉलिसी मोडून नवी घ्यावी, तर जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून सुरू. त्यांची शुगर तर या घोषणेच्या आधीपासूनच वाढलेली.

शेजारच्यांची कथा उलटी. त्यांच्या तीन वर्षांच्या मुदतीत दर दोनदा वाढले आणि हा माणूस अंबाझरीला सकाळी फिरताना सगळ्यांना अडवून सांगायचा, ‘‘आपल्याले काही फरक नाही पडत, बाप्पा!’’ या एप्रिलमध्ये रिन्युअलची नोटीस आली. दोन्ही वाढी आणि वरून वयाचा नवा टप्पा, असे तिघे एकाच दिवशी दारात उभे. दर थांबला होता तो त्यांच्यापुरता. बाहेर तो चालतच होता. आता ते फिरायला तेलंगखेडीकडे जातात.

बायकोने दोन्ही शेजार-नातेवाईक विचारात घेऊन निकाल दिला. तीन वर्षांचं भरायचं, पण चौथ्या वर्षाच्या दणक्यासाठी आजपासून महिन्याला पाचशेची आरडी. आणि या हप्त्याची आयकरातली वजावट एकाच वर्षी सगळी मिळत नाही, तिन्ही वर्षांत वाटून मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. हे मला तिने बजावलं, कारण सीएकडे मी जातो.

‘‘वहिनी,’’ फॉर्म आवरता आवरता भाऊ म्हणाले, ‘‘तुमीच एजन्सी घेऊन टाका ना.’’

‘‘कमिशन कशावर मिळतं, पूर्ण रकमेवर का?’’ तिने विचारलं.

भाऊंना एकदम दुसरीकडची अपॉइंटमेंट आठवली.