डोकी मोजली म्हणजे रांग मोजली असं नाही

«काउंटरवरच्या कॅमेऱ्यात डोकी मोजा, एका गिऱ्हाइकाला लागणाऱ्या वेळेनं गुणा, किती थांबायचं ते मिळालं. नाही पटत? मग सॉफ्टवेअर प्रत्येक माणसाला नंबर देतंच, त्यावरून वेळ काढा.»

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका नमकीनच्या दुकानात मी हेच करून बसलो होतो. दिवाळीची संध्याकाळ, कॅमेऱ्यात ९ डोकी, एका गिऱ्हाइकाला शेव तोलून पॅक करून द्यायला ३ मिनिटं. पाटीवर आलं २७ मिनिटं. लोक पाटी वाचून परत फिरायला लागले, तेव्हा मालकांनी मला बोलावलं.

डोक्यांपासून सुरू करू. त्या नवांत चौघं एकाच घरची होती (आई लवंगी शेव सांगत होती, पोरं चाखत होती), आणि एक दुकानाचाच पोरगा डबे घेऊन उभा. म्हणजे ऑर्डरी पाचच. त्यात कॅमेरा ३ मीटर उंचीवर आणि डोकं साधारण दीड मीटर उंचीवर. कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या जागेपासून २ मीटरवर उभा माणूस जमिनीच्या नकाशावर ४ मीटरवर दिसतो. रांगेची चौकट फरशीवर आखली, तर कडेची माणसं तिच्या बाहेर पडतात. चौकट डोक्याच्या उंचीला धरून आखावी लागते.

गुणाकार तर त्याहून फसवा. तोलणारे दोघं होते. एकाचे हात ३ मिनिटं गुंतले, तरी दुकानातून दर दीड मिनिटाला एक गिऱ्हाईक सुटत होतं. इथे कामाला येतो तो लिटलचा नियम, १९६१ साली सिद्ध झालेला: दुकानात सरासरी असलेल्या ऑर्डरी भागिले सुटण्याचा वेग. अर्ध्या तासात २० बिलं, दर दहा सेकंदांनी मोजून सरासरी ५ ऑर्डरी, तोलल्या जाणाऱ्या धरून. म्हणजे येण्यापासून पुडा हातात घेऊन निघेपर्यंत सरासरी साडेसात मिनिटं. कुठे सत्तावीस! मात्र गर्दी चढत असेल, येणारे आणि सुटणारे जुळत नसतील, तर या आकड्यावरही विसंबू नका.

राहिला नंबर देण्याचा मुद्दा. आमच्याकडे छताचा पंखा मध्येच आडवा यायचा. १७ नंबरचा माणूस त्याखालून गेला आणि पलीकडे २३ होऊन निघाला. तो ९ मिनिटं थांबला होता; यादीत ४ आणि ५ अशा दोन नोंदी, सरासरी साडेचार. तुटलेल्या नोंदी टाकून दिल्या तरी भागत नाही, कारण जितकं जास्त थांबाल तितकी नोंद तुटायची शक्यता जास्त. उरतात ते झटपट सुटलेलेच. ओळखायचं सोपं आहे: ज्या नोंदी दाराशी किंवा काउंटरशी न संपता रांगेच्या मधेच संपतात, त्या नकाशावर ठिपक्यांनी काढा. आमचे जवळजवळ सगळे ठिपके पंख्याखाली जमले.

पंखा हलवायला मालक तयार नाहीत, «भिया, गर्मी में कौन खड़ा रहेगा?» म्हणतात. मग कॅमेराच दोन हात सरकवला.