माफीनामा खोडताना

परवा रात्री आतेभावाने एक मजकूर पाठवला. "लिंक्डइनवर टाकतोय, चुका काढ." चाकणच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस, आता डेटा अ‍ॅनालिस्टच्या कामाकडे वळतोय. मजकूर असा:

"नमस्कार. ३९व्या वर्षी क्षेत्र बदलणं थोडं विचित्र वाटेल याची कल्पना आहे. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, आयटीचा अनुभव नाही. तरीही गेलं वर्षभर एसक्यूएल आणि पॉवर बीआय थोडंफार शिकण्याचा प्रयत्न करतोय. कोणी संधी दिल्यास आभारी राहीन. पगाराची फारशी अपेक्षा नाही."

शुद्धलेखन चोख होतं. पण वाचताना वाटलं, हा उधारी मागायला दारात उभा आहे.

लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं उघडून वाचावं लागतं. त्या मोक्याच्या जागी या पठ्ठ्याने वय, 'विचित्र' आणि 'अनुभव नाही' एवढंच मांडून ठेवलं होतं. वाचणाऱ्याला जी शंका कदाचित आलीही नसती, ती यानेच हातात नेऊन दिली.

फोन लावला. म्हटलं, कारखान्यात आकड्यांचं काय करायचास? "काही नाही रे, रिजेक्शनचं एक्सेल भरायचो." अजून खोदल्यावर मग गोष्ट बाहेर आली. एका भागाच्या बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, व्यास अधूनमधून मापाबाहेर जायचा. खापर दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर फुटायचं. याने तीन महिन्यांचे तपासणी कागद घेतले आणि मापं तारखेऐवजी वेळेप्रमाणे लावली. खराब नग बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले आठ-दहा निघाले. सुट्टीत मशीन थंड पडायचं आणि स्पिंडल पुन्हा तापेपर्यंत माप सरकायचं. मग सुट्टीनंतर दहा मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं ठरलं आणि तो त्रास जवळजवळ थांबला.

अरे, हे अ‍ॅनालिसिस नाही तर काय, शेवग्याच्या शेंगा? पंधरा वर्षं तेच करतोयस आणि वर लिहितोस 'अनुभव नाही'!

तासाभराने दुसरा मजकूर आला. आता लंबक पार दुसऱ्या टोकाला. "डेटातज्ज्ञ. अ‍ॅनालिटिक्सचा १५ वर्षांचा अनुभव." तोही मी खोडला. माझी कसोटी साधी आहे. प्रत्येक वाक्यापुढे "म्हणजे नेमकं काय केलंस?" असं विचारायचं. बोअरच्या गोष्टीवर तो अर्धा तास बोलू शकतो. 'डेटातज्ज्ञ'वर मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटेल. फुगवलेलं वाक्यही भीतीतूनच येतं, फक्त त्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो.

मग शब्दाशब्दावर भांडण. 'थोडंफार' आणि 'प्रयत्न करतोय' काढले, पण त्यांच्या जागी नुसतं 'येतं' टाकलं नाही. काय येतं ते लिहायला लावलं. पायथनवरून जुंपली. त्याला "पायथन शिकतोय" लिहायचं होतं. कोर्स उघडून दोन आठवडे झालेत म्हणे! मी म्हटलं, येत नाही तर 'येत नाही' लिही. एकदाच, शेवटी, 'पण' आणि 'तरीही' न लावता. कमतरता सांगण्यात लाचारी नाही, ती सुरुवातीला सांगून वर क्षमा मागण्यात आहे. पगाराचं वाक्य तर सरळ खोटं होतं. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला पगाराची अपेक्षा नसते होय?

'मी' लिहायला मात्र तो फार अडखळला. आपल्याकडे 'मी केलं' म्हटलं की आगाऊपणा वाटतो, म्हणून "टीमतर्फे करण्यात आले." मी विचारलं, वेळेप्रमाणे मापं कोणी लावली? "मीच. पण मशीन थंड पडतं हे आधी ऑपरेटर म्हणाला होता." मग दोन्ही लिही की!

शेवटी उभं राहिलं ते हे:

"बोअर मापाबाहेर जात होता. सुट्टीत मशीन थंड पडतं, असं ऑपरेटरचं म्हणणं. मी तीन महिन्यांची मापं वेळेप्रमाणे लावली आणि त्याचं खरं निघालं. क्वालिटीत १५ वर्षं अशीच कारणं शोधली. आता हेच काम पूर्णवेळ करायचं आहे, म्हणून डेटा अ‍ॅनालिस्टची जागा शोधतोय, शक्यतो उत्पादन क्षेत्रातली. एसक्यूएलमध्ये टेबलं जोडून हवी ती माहिती काढतो, पॉवर बीआयमध्ये रिजेक्शनचा डॅशबोर्ड स्वतः केला आहे, मागितल्यास दाखवतो. पायथन येत नाही."

वय कुठेच नाही. पंधरा वर्षांवरून ज्याला हिशेब करायचाय तो करेल.

टाकण्याआधी त्याने हळूच शेवटी "चूकभूल द्यावी घ्यावी" जोडलं होतं. तेही काढायला लावलं. पहिली कमेंट त्या ऑपरेटरचीच आली: "साहेब, दहा मिनिटं अजून फिरवतो आम्ही."