ग्रासिम सिमेंटची कंपनी आहे का? ‘सर्वांत मोठा महसूल’ या नियमाचा प्रतिवाद

«चार धंदे असलेल्या कंपनीचे क्षेत्र ठरवायला डोके लागत नाही. वार्षिक अहवालातला विभागवार तक्ता उघडा. ज्या विभागाचा महसूल सर्वांत जास्त, तेच कंपनीचे क्षेत्र. बाकी चर्चा व्यर्थ.»

हा संदेश ग्वाल्हेरच्या आमच्या गुंतवणूकदार मित्रमंडळींत बराच फिरला, म्हणून तपासणीसाठी उदाहरणही येथलेच घेतो. १९४७ साली ‘ग्वाल्हेर रेयॉन’ म्हणून स्थापन झालेली कंपनी आज ग्रासिम या नावाने ओळखली जाते, आणि निफ्टी ५० च्या यादीत ती बांधकाम साहित्य, म्हणजे सिमेंट, या क्षेत्रात मोडते.

पहिला प्रश्न असा की तक्ता कोणता उघडायचा? ग्रासिमच्या स्वतंत्र हिशेबात सिमेंट हा विभागच नाही; तेथे व्हिस्कोस तंतू आणि रसायने हे मुख्य धंदे दिसतात. सिमेंट येते ते एकत्रित हिशेबातून, कारण अल्ट्राटेक ही तिची उपकंपनी आहे. २०२३-२४ मध्ये ग्रासिमचा एकत्रित महसूल सुमारे १ लाख ३१ हजार कोटी रुपये होता. त्यात अल्ट्राटेकचे सुमारे ७१ हजार कोटी, आयुर्विमा, कर्ज अशा वित्तसेवा देणाऱ्या आदित्य बिर्ला कॅपिटल या दुसऱ्या उपकंपनीचे सुमारे ३४ हजार कोटी आणि ग्रासिमच्या स्वतःच्या धंद्यांचे सुमारे २६ हजार कोटी होते. म्हणजे सिमेंटचा वाटा ५४ टक्के. येथपर्यंत नियम पाळून उत्तर मिळते.

परंतु एकत्रित हिशेबाची रीत अशी की उपकंपनीवर नियंत्रण असले की तिचा महसूल शंभर टक्के धरला जातो, मग मालकी निम्म्याहून थोडीच जास्त का असेना. अल्ट्राटेकमध्ये ग्रासिमचा हिस्सा सुमारे ५७ टक्के, तर आदित्य बिर्ला कॅपिटलमध्ये सुमारे ५३ टक्के होता. ग्रासिमच्या भागधारकाच्या वाट्याला येणारा महसूल मोजायचा, तर सिमेंटचे ७१ हजारांऐवजी साधारण ४० हजार कोटी धरावे लागतात, वित्तसेवेचे १८ हजार आणि स्वतःच्या धंद्यांचे पूर्ण २६ हजार. बेरीज ८४ हजार. सिमेंट अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे, पण ५४ टक्क्यांचे बहुमत ४८ टक्क्यांवर आले. बाहेरच्या भागधारकांचा वाटा वजा न करता क्षेत्राचे शिक्के मारण्याची सवय फार पसरली आहे, आणि माझ्या मते या नियमातील सर्वांत मोठी गफलत हीच आहे.

दुसरे असे की महसूल हे सर्व धंद्यांना लागू पडणारे एकच माप नव्हे. सिमेंट कंपनीचा महसूल म्हणजे विकलेल्या मालाची किंमत. आयुर्विमा कंपनीच्या महसुलात हप्ते मोजले जातात, ज्यांचा बराच भाग विमाधारकांच्या देण्यांसाठी राखून ठेवावा लागतो. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या महसुलात मुख्यतः व्याज येते, मुद्दल येत नाही; दिलेले मुद्दल मालमत्तेत धरले जाते. म्हणूनच मालमत्तेने पाहिले तर ग्रासिमच्या एकत्रित ताळेबंदात वित्तसेवा सिमेंटपेक्षा मोठी दिसते.

तिसरे, ‘सर्वांत जास्त’ आणि ‘निम्म्याहून जास्त’ यांत फरक आहे, आणि वर्गीकरण करणाऱ्या संस्था तो पाळतात. एमएससीआय आणि एस अँड पी यांच्या जागतिक पद्धतीत एका विभागाचा महसूल साधारण ६० टक्के किंवा अधिक असेल, तरच केवळ महसुलावर निर्णय होतो. त्याहून कमी असेल, तर महसूल आणि नफा दोन्हींचे बहुमत एकाच विभागाकडे आहे का ते पाहतात. तीन किंवा अधिक क्षेत्रांत धंदा पसरलेला असून बहुमत कोणाचेच नसेल, तर कंपनी बहुउद्योगी गटात जाते. ग्रासिमचे ५४ टक्के पहिल्या पायरीवर अडतात. सिमेंटचा शिक्का टिकतो तो नफ्याची साक्ष सोबत असेल तरच.

संदेशाच्या बाजूने एवढे मान्य करावे लागेल की महसुलाचे वजन या पद्धतींतही मोठे आहे. ॲमेझॉनच्या २०२३ च्या कामकाजी नफ्यात क्लाउड सेवेचा वाटा सुमारे दोन तृतीयांश होता आणि महसुलात अवघा १६ टक्के. तरीही तिचे वर्गीकरण किरकोळ विक्रीतच राहिले. नफा दरवर्षी वरखाली होतो, महसूल तुलनेने स्थिर असतो, आणि शिक्का वारंवार बदलणे कोणालाच नको असते.

ज्यांच्याकडे अल्ट्राटेक आणि ग्रासिम दोन्ही समभाग आहेत, त्यांच्यासाठी या वादाला व्यवहारी बाजूही आहे. शिक्क्यांवर विसंबून दोन्हींची पूर्ण रक्कम सिमेंटखाली लिहिली, तर तंतू, रसायने आणि वित्तसेवा यांतली गुंतवणूक तक्त्यात दिसतच नाही आणि सिमेंटचे वजन फुगते. अशा वेळी ग्रासिमची रक्कम एकाच रकान्यात न टाकता तिच्या धंद्यांच्या बाजारमूल्यानुसार विभागावी. दोन्ही उपकंपन्या सूचिबद्ध असल्याने त्यांचे मूल्य आणि त्यांतील ग्रासिमचा हिस्सा कोणालाही पाहता येतो.