४७ बाटल्या आणि एक जांभई

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "कालचे रक्तदान शिबिर यशस्वी करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे मनःपूर्वक आभार". खाली फोटो. फोटोत पाहुणे, दोन पदाधिकारी आणि ४७ बाटल्यांचा आकडा लिहिलेला बॅनर. चहा हातात होता, तो तसाच थंड झाला इतकी चिडले मी. अज्ञात म्हणे! अहो, ज्या काकूंमुळे काल एक पोरगा रस्त्यावर आपटायचा वाचला त्या गेली वीस वर्षं तुमच्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, अज्ञात कसल्या?

म्हणून आभार मीच मानते. नावं टाकत नाहीये कारण निम्म्या लोकांनी "माझं नाव नको गं" म्हणून सांगितलंय आणि काकू तर फेसबुकवरच नाहीत. पण कोणी काय केलं ते लिहिणार, आभार म्हणजे तेच ना शेवटी.

आधी काकूंचं. काकूंकडे काम काय, तर कॉफी-बिस्किटांचं टेबल. ऐकायला किती फालतू वाटतं ना, मलाही वाटायचं. पण शिबिरात माणूस सुई टोचताना क्वचितच पडतो, पडतो तो नंतर. पलंगावरून उठला, चार पावलं चालला की. त्यात पहिल्यांदा देणारी, बारीक अंगाची, उपाशी पोटी आलेली तरुण पोरं जास्त. म्हणून रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं असतं, आणि ते बसवून ठेवणं म्हणजेच कॉफीचं टेबल. बिस्किट हे निमित्त.

काल साडेअकराच्या सुमारास एक १९ वर्षांचा मुलगा आला. पहिलीच वेळ. फॉर्मवर नाश्ता केला असं लिहिलं होतं, नंतर कळलं नाश्ता म्हणजे एक चहा! रक्त देऊन झालं, टेबलाशी आला, एक बिस्किट उचललं, दुसऱ्या हातात बाईकची किल्ली फिरवतोय. "काकू निघतो, क्लास आहे." काकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याला जांभई आली. काकू म्हणाल्या, "बस." "नाही हो, मी एकदम ओके..." आणि परत जांभई. चक्कर यायच्या आधीची खूण असते ती. काकूंनी सरळ दंडाला धरून खाली सतरंजीवर आडवाच केला त्याला, आणि मला ओरडल्या, खुर्ची आण, पाय वर ठेव त्याचे. मी खुर्ची आणेपर्यंत पोरगा चुन्यासारखा पांढरा, वरच्या ओठावर घामाचे थेंब. रक्तपेढीचे डॉक्टर धावत आले, शर्टाचं वरचं बटण सोडलं, गर्दी हटवली, पाणी पाजायला निघालेल्या एकाला थांबवलं (पुरता शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागतो). दोन-तीन मिनिटांत रंग परत आला. लाजून हसत होता बिचारा.

ती किल्ली अजून डोळ्यासमोरून जात नाही माझ्या. चार मिनिटं आधी निघाला असता तर आमच्या गेटबाहेरच्या उतारावर असता तो, बाईकवर. बॅनरवर हे कुठे लिहिणार? जे झालं नाही त्याचा फोटो निघत नाही.

संडासाच्या दारावर "कडी लावू नका, बाहेर माणूस उभा आहे" हा कागदही काकूंनीच चिकटवलेला. त्यावर हसणाऱ्यांनो, आत कडी लावून कोणी पडलं तर दार कोण फोडणार होतं, तुम्ही?

आता दुसऱ्या टेबलाकडे येते. काल फॉर्म ६१ भरले गेले, बाटल्या ४७ (पिशव्याच असतात आता, पण तोंडात बाटलीच बसलंय). मग उरलेले १४? ते परत पाठवले गेले. बहुतेकांचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, त्यात बायका जास्त. बोटाला टोचून थेंब त्या निळ्या पाण्यात सोडतात, पटकन बुडाला तर पास, तरंगत राहिला तर नाही. सगळ्यांसमोर आपला थेंब तरंगताना बघणं काय असतं ते मला विचारा, दोन वर्षांपूर्वी माझाच तरंगला होता आणि मी मागच्या मागे घरी गेले होते. काल तिथे दोन कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या. परत जाणाऱ्या प्रत्येकीला बाजूला नेऊन हिमोग्लोबिन कमी असल्याचं कागदावर लिहून देत होत्या, डॉक्टरांना दाखवा म्हणत होत्या, आणि कॉफीला काकूंकडेच नेत होत्या, बाकीच्यांसारखंच. पोरींनो, तुमचे खास आभार. आपले वॉचमनकाका रात्रपाळी करून थेट रांगेत उभे होते, झोप नाही म्हणून त्यांनाही नाही म्हटलं, तर रुसले नाहीत, संध्याकाळपर्यंत खुर्च्या उचलत होते.

आणि "थोडं ॲडजस्ट करा, पन्नास पूर्ण होऊ दे" असं डॉक्टरांना सांगणारे जे कोणी होते त्यांना काय बोलू? राग येतो अक्षरशः. पन्नास कशाला हवेत? फ्लेक्सला? तसंच रक्त देणाऱ्यांना वाटलेल्या त्या भेटवस्तूच्या बॅगेचं. पैसे देऊन रक्त घेणं १९९८ पासून बंद आहे, का बंद झालं ते आठवा. वस्तूच्या लोभाने माणूस आजार लपवतो, गोळ्या चालू असतील तर सांगत नाही, आणि ते रक्त कोणाच्या तरी लेकराला चढतं. बॅगेमुळे चार माणसं जास्त आली असतील, बरं, आली. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, रक्तपेढ्यांमध्ये खडखडाट असतो हेही खरं. तरी पुढच्या वर्षी बॅग नको, माझं मत.

असो. जास्तच तापले.

आता तुमच्याकडून हवंय ते. काल आलेल्यांनी, खास करून त्या १४ जणांनी, कमेंटमध्ये नाहीतर इनबॉक्समध्ये सांगा. घरी गेल्यावर कोणाला चक्कर आली का? हात काळानिळा झाला का? (झाला असेल तर घाबरू नका, पण दुखणं किंवा सूज वाढत असेल तर रक्तपेढीला फोन करा.) अकरा वाजता रांग जिन्यापर्यंत गेली तेव्हा किती वेळ ताटकळलात? परत पाठवताना कोणी वाकडं बोललं का? चूक माझी असेल तरी लिहा, पाण्याचे जार साडेबारालाच संपले ती माझीच होती. पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने झाल्याशिवाय परत देता येत नाही, त्यामुळे पुढच्या शिबिराची तारीख ठरवायला भरपूर वेळ आहे, तेवढ्यात सुधारू.

पहिला फीडबॅक आलाय पण. दुपारी काकूंकडे डबे परत द्यायला गेले, म्हटलं काकू, ग्रुपवर तुमचं नावच नाही, मी लिहितेय. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ते राहू दे गं. पुढच्या वेळी हात असलेल्या खुर्च्या मागव. बिनहाताच्या खुर्चीवरून माणूस घसरतो."