शून्य की ओ? स्टिकर छापणाऱ्याने एकदा माझ्यासमोर येऊन वाचून दाखवावं

काल संध्याकाळी फोंड्याला घरी नवा राउटर बसला. जुना पावसात विजेने गेला होता. माणूस आला, भिंतीवर उंच डबा ठोकला, हिरवा दिवा लागला आणि "मॅडम, पासवर्ड खाली स्टिकरवर आहे" म्हणून चालता झाला. खाली म्हणजे डब्याच्या पोटाला, भिंतीच्या बाजूने! स्टुलावर चढून, मान वाकडी करून, मोबाइलच्या टॉर्चवर मी ती आठ अक्षरं वाचली. आईचा दुबईच्या ताईशी साडेआठचा व्हिडिओ कॉल, आणि ती समोर फोन धरून उभी.

मी टाइप केलं `mO4lR0Ie`. चुकीचा पासवर्ड. परत केलं. परत चुकीचा. बाबा बाल्कांवातून ओरडतात, "नीट बघ गे!" काय नीट बघू? त्या आठांत दोन गोल आणि दोन उभ्या काड्या. गोल शून्य असेल नाहीतर कॅपिटल ओ, काडी स्मॉल एल असेल नाहीतर कॅपिटल आय. चार जागा, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे सोळा पासवर्ड. काडीत एकचा आकडाही धरला तर छत्तीस. प्रत्येक वेळी फोन आधी चक्र फिरवत बसतो आणि मग नाही म्हणतो.

त्या माणसाला फोन लावला. "स्टिकरवर आहे तसंच घाला." अहो, तसंच म्हणजे कसं? मी विचारलं दुसरं अक्षर काय, तर म्हणाला "ओ". मी म्हटलं ओ अक्षर की शून्य? "ओच हो, आकड्यातला ओ." हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. गाडीचा नंबर असो, ग्राहक क्रमांक असो, शून्याला सर्रास ओ म्हणायचं आणि समोरच्याने फॉर्म तीनदा भरायचा. स्टिकरवर क्यूआर कोडही होता. स्कॅन केला तर त्यात नुसता सिरियल नंबर! ज्या चौकोनात वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही आरामात मावतात, तिथे माझ्या काहीही उपयोगाचा नसलेला आकडा.

शेवटी स्क्रू सैल करून डबाच खाली काढला आणि टेबलावर चष्मा लावून बसले. त्याच स्टिकरवर मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं, ओ येऊच शकत नाही. म्हणजे तिथला गोल शंभर टक्के शून्य. तो लांबट, अंड्यासारखा होता. पासवर्डमधले दोन्ही गोल तसेच. झालं, दोन्ही शून्यं, आणि सोळांचे चार उरले. काड्यांसाठी मी 'Serial' शब्दातला एल बघायला गेले आणि फसले. तो शब्द स्टिकरच्या कोऱ्या कागदावर आधीच छापलेला, वेगळ्या वळणाचा. मॅक आणि पासवर्ड नंतर एकाच मशीनने उमटवलेले, त्यामुळे तुलना फक्त त्यांचीच चालते. मॅकमध्ये एक होता, त्याला वर नाक होतं, म्हणजे काड्या एक नव्हेत एवढं कळलं. उरलेले चार एकेक करून घालायला घेतले. तिसरा लागला: `m04IR0le`. तोवर सव्वानऊ झाले होते आणि ताईचं बाळ झोपलं होतं.

आता मला सांगा, हे टाळायला काय लागतं? इंग्रजीची मोठी-लहान मिळून बावन्न अक्षरं आणि दहा आकडे, एकूण बासष्ट. त्यातली ही भांडकुदळ चार काढा, अठ्ठावन्न उरतात. बिटकॉइनच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत २००९ पासून नेमकी हीच चार वगळलेली आहेत. पासवर्ड कमजोर होईल म्हणून भीती वाटत असेल तर आठाऐवजी नऊ अक्षरं छापा, उलट जास्तच मजबूत होईल. नाहीतर निदान शून्याच्या पोटात तिरकी रेघ द्या, आयला वर-खाली आडव्या पट्ट्या द्या. असे फॉन्ट कधीचे आहेत! पण नाही. ज्या एका ओळीत एक अक्षर चुकलं की सगळं अडतं, तीच ओळ मुंगीएवढ्या, एकसारख्या काड्यांत छापायची आणि वर आम्हालाच नीट बघायला सांगायचं.

रात्रीच `192.168.1.1` हे राउटरचं सेटिंगचं पान उघडून पासवर्ड बदलला. नव्यात ही चारही अक्षरं नाहीत. पण उद्या कुणी मागच्या भोकात पिन खुपसून रीसेट केला की स्टिकरवरचाच परत येणार. म्हणून डबा टांगण्याआधी काळ्या मार्करने स्टिकरवरच्या दोन्ही शून्यांतून तिरकी रेघ ओढली, आयच्या डोक्यावर आणि पायाशी पट्टी मारली, आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.